मल्याळम लघुपट, इंग्रजी टेम्प्लेट आणि लाल झालेली मराठी सबटायटलं

उंबरझाड

मंडळी, मदत हवी आहे. एका २४ मिनिटांच्या मल्याळम लघुपटाची मराठी आणि हिंदी सबटायटलं करते आहे. मला मल्याळम येत नाही. निर्मात्यांनी इंग्रजीतलं टेम्प्लेट दिलंय, म्हणजे वेळा बसवलेली इंग्रजी फाइल. तिच्यातल्या प्रत्येक क्यूच्या, म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराच्या, जागी मराठी वाक्य टाकायचं. अट अशी: एका सेकंदाला १७ पेक्षा जास्त कॅरॅक्टर्स नकोत, ओळीत ४२ च्या वर नकोत, आणि ओळी दोनच. वेळा थोड्या हलवायची परवानगी आहे.

पहिला खर्डा झाला तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये मराठीच्या ३१२ पैकी नव्वदेक क्यू लाल दिसले. हिंदीचे साठेक. एक उदाहरण देते. आई मुलीवर ओरडते:

```
00:04:07,360 --> 00:04:09,680
तुला किती वेळा सांगितलं आहे की
चुलीवर दूध ठेवून बाहेर जाऊ नकोस
```

२.३२ सेकंद, ६२ कॅरॅक्टर्स, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७. हिंदीत मी 'कितनी बार कहा है कि चूल्हे पर दूध रखकर बाहर मत जाया करो' असं केलं, तिथे ५५ झाले. तेही लालच.

प्रश्न दोन. शब्द कापायचे की वेळ वाढवायची? आणि इंग्रजी ज्या वेळात आरामात बसतं त्या वेळात मराठी बसतच नाही, असं खरंच आहे का, की माझंच भाषांतर पसरट होतंय?

कौलारू

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: थोडं पसरट आहे. 'सांगितलं आहे की' हे कुठली आई म्हणते? 'कितीदा सांगू' म्हणते. मी असं करेन:

कितीदा सांगू, दूध ठेवून जाऊ नकोस!

३३ कॅरॅक्टर्स, सेकंदाला १४. चूल चित्रात दिसत असणारच, मग 'चुलीवर' लिहायचं कशाला? डोळ्यांना जे दिसतंय ते सबटायटलमध्ये पुन्हा सांगायचं नाही, हा माझा पहिला नियम. हिंदीत 'कितनी बार कहा, दूध छोड़कर मत जाया कर!' हे ३७ होतं, सेकंदाला १६. बसतं.

गोगलगाय_७२

मलाही हाच त्रास आहे! पेन ड्राइव्हवर पिक्चर लावला की सबटायटल सुरुवातीला बरोबर असतं, नंतर मागे पडत जातं. मध्यंतरापर्यंत दोन-अडीच मिनिटांचा फरक. व्हीएलसीमध्ये G आणि H दाबून दाबून बोटं दुखली, पाच मिनिटं नीट चालतं की पुन्हा तेच.

कौलारू

काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण सोपा आहे. G आणि H सगळी फाइल एकसारखी पुढेमागे सरकवतात. तुमचा फरक वाढत जातोय, म्हणजे सबटायटल एका फ्रेम रेटच्या प्रतीवरून बनलंय आणि तुमचा पिक्चर दुसऱ्या रेटचा आहे. २३.९७६ आणि २५ ची गफलत असेल तर तासाभरात साधारण अडीच मिनिटं होतात, तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फ्रेम रेट बदलायची सोय आहे. एकदाच करायचं.

गोगलगाय_७२

झालं! धन्यवाद. सौ.नी चहा केला. आता तुमचं चालू द्या.

अर्धचंद्र

मी बारा वर्षं हे काम करतोय, बहुतेक हिंदी आणि मराठी. थोडं लांबेल.

उंबरझाड, आधी हे पाहा की तो आकडा नेमकं काय मोजतो. सॉफ्टवेअर अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजतं. 'स्त्री' हे आपल्या डोळ्याला एकच अक्षर आहे. संगणकाला ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सहा तुकडे दिसतात. प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा धरला जातो. तुमच्या त्या ६२ मध्ये अक्षरं फक्त ३० आहेत, ११ रिकाम्या जागा आहेत आणि उरलेले २१ तुकडे मात्रा-अनुस्वारांचे. रोमन लिपीत स्वर हे स्वतंत्र अक्षर म्हणून ओळीत जागा घेतात, आपल्याकडे बरेचसे स्वर वर-खाली बसतात. म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेला १७ चा आकडा देवनागरीला उचलून लावला की तो जरा जास्तच कडक होतो.

मी स्वतःसाठी दुसरा आकडा ठेवतो, अक्षरांचा. पायथॉनमध्ये एवढंच:

```python
import re
def akshar(s):
    return len(re.findall(r'(?<!्)[अ-ह]', s))
```

हलन्तानंतर येणारं व्यंजन सोडून बाकीची मुळाक्षरं मोजायची, बस. तुमच्या वाक्याला हे ३० देतं, म्हणजे सेकंदाला १३ अक्षरं. मला अनुभवाने नऊच्या वर गेलं की धाप लागते. कौलारू यांचं वाक्य १५ अक्षरांचं आहे, सेकंदाला साडेसहा. म्हणजे तुमचा खर्डा दोन्ही मापांनी जास्तच होता, लाल रंग तिथे खोटं बोलत नव्हता. पण तुमच्या नव्वदेक लाल क्यूंपैकी जे १८-१९ वर अडलेत, त्यांत जोडाक्षरं आणि अनुस्वार भरपूर असतील तर ते वाचायला बहुधा ठीकच असतील.

टिकली

@अर्धचंद्र, तुमच्या कोडमध्ये 'ॲ' सुटतोय. तो अ ते ह या पट्ट्यात नाही, पुढे वेगळ्या जागी आहे. 'ॲप' ला तुमचं फंक्शन एकच अक्षर म्हणेल. आणि जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या 'दुसऱ्या' मध्ये हलन्तानंतर एक न दिसणारा जोडक असतो, तिथे 'य' जास्तीचा मोजला जाईल. असं करा:

```python
r'(?<![्\u200d])[अ-हॲ]'
```

हिंदीवाल्यांना आणखी एक गंमत: 'ड़' हा कीबोर्डनुसार कधी एक तुकडा असतो, कधी ड अधिक नुक्ता असे दोन. म्हणजे एकच वाक्य दोघांनी टाइप केलं तर आकडा वेगळा.

अर्धचंद्र

बरोबर, टिकली. 'ॲ' माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि माझ्या फाइलींमध्ये 'ॲम्ब्युलन्स' किती वेळा आलीय! दुरुस्त केलं.

पाटीपेन्सिल

हे सगळं फार अवघड करताय असं वाटतं. माणूस अक्षरं वाचत नाही, शब्द वाचतो. मिनिटाला १८० शब्द हे जुनं माप आहे, म्हणजे सेकंदाला तीन. उंबरझाड यांच्या वाक्यात १२ शब्द आहेत, त्याला चार सेकंद हवेत. संपलं.

अर्धचंद्र

@पाटीपेन्सिल, माणूस शब्द ओळखून वाचतो हे मान्य, पण ते माप इंग्रजीचं आहे. 'ठरवल्याप्रमाणे' हा आपल्याकडे एक शब्द, 'तय किए मुताबिक' हे हिंदीत तीन. म्हणजे तोच अर्थ हिंदीत लिहिला की तिप्पट वेळ द्यायचा का? मराठी प्रत्यय शब्दाला चिकटवते, हिंदी तेच शब्द सुटे ठेवते: 'चुलीवर' एक, 'चूल्हे पर' दोन. शब्द मोजले तर मराठीवर कायम कमी वेळ सोडल्याचं पाप होईल.

पाटीपेन्सिल

हं. मराठीपुरतं मागे घेतो. पण लांब अनोळखी शब्दावर डोळा अडखळतो ते तुमच्या अक्षरांच्या आकड्यात कुठे येतं? 'प्रतिज्ञापत्र' पाच अक्षरं, 'कागद दे मला' सहा. दुसरं पटकन वाचून होतं.

अर्धचंद्र

येत नाही. हे खरं आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. कायद्याचे, औषधाचे शब्द आले की मी अंदाजाने अर्धा सेकंद जास्त सोडतो.

टिकली

आणि एक धोक्याची सूचना. अक्षरांचा आकडा आपल्या समाधानासाठी. फाइल तपासणारा माणूस त्याच्या सॉफ्टवेअरचा आकडा बघतो. माझी एक फाइल १९-२० च्या सात क्यूंसाठी परत आली होती, मी कितीही समजावलं तरी. आधी लेखी विचारून घ्या की देवनागरीला मर्यादा वाढवून मिळेल का. बहुतेक वेळा मिळते, कोणी विचारतच नाही.

उंबरझाड

विचारलं. हिंदी-मराठीसाठी २० मान्य झालं! एका मेलमध्ये निम्मे लाल क्यू काळे झाले.

@कौलारू, तुमचं वाक्य फार आवडलं, पण एक अडचण आहे. त्या शॉटमध्ये चूल दिसत नाही. आई अंगणात उभी आहे. उतू गेलेलं दूध पुढच्या शॉटमध्ये दिसतं, ४:१०.४४ ला कट आहे.

कौलारू

अरेच्चा. मग 'चुलीवर' हवंच. चित्र न बघता सल्ला दिला की असं होतं.

अर्धचंद्र

मग शब्द कापण्याआधी वेळ बघू. आई ४:०९.६८ ला बोलायची थांबते. पुढचं बोलणं कधी सुरू होतं?

उंबरझाड

४:१०.९०, मुलीचं.

अर्धचंद्र

म्हणजे आई गप्प झाल्यापासून कटपर्यंत पाऊण सेकंद कोणी बोलत नाही आणि टेम्प्लेटने तो वाया घालवलाय. इंग्रजीला गरज नव्हती म्हणून बोलणं संपताच क्यू बंद केला. तुम्ही तो कटच्या दोन फ्रेम आधीपर्यंत न्या. २५ फ्रेमच्या फिल्ममध्ये दोन फ्रेम म्हणजे ०.०८ सेकंद, म्हणून:

```
00:04:07,360 --> 00:04:10,360
कितीदा सांगू,
चुलीवर दूध ठेवून जाऊ नकोस!
```

बरोबर तीन सेकंद, ४० कॅरॅक्टर्स, सेकंदाला तेराच्या आसपास. काहीही गमावलं नाही. कट ओलांडू नका मात्र. दुधाच्या शॉटवर जुनं वाक्य रेंगाळलं तर लोकांना वाटतं नवीन वाक्य आलं, आणि ते पुन्हा वाचायला जातात. तेवढ्यात उतू गेलेलं दूध बघायचं राहतं.

सुरुवात मात्र मागे ओढू नका. ओठ हलायच्या आधी वाक्य दिसलं की प्रेक्षक नटाच्या पुढे धावतो. वेळ हवा असेल तर मागून घ्यायचा, पुढून नाही. अगदीच नड असेल तर दोन-तीन फ्रेम.

मास्तरीणबाई

मी यवतमाळ जिल्ह्यात पाचवी-सहावीला शिकवते. तुमचे आकडे मला कळत नाहीत, पण अनुभव सांगते. शाळेत मराठी सबटायटल असलेला एक परदेशी लघुपट दाखवला होता. मुलं वाचायचा प्रयत्न करत होती आणि निम्म्यात वाक्य गायब व्हायचं. पाच मिनिटांनी त्यांनी वाचणं सोडलं आणि चित्रच बघत बसली. मी मागच्या भिंतीला उभी होते, पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत होते. ज्या वाक्यांवर वेळ पुरत होता तिथे डोळे खाली जाऊन वर येताना दिसायचे. जिथे पुरत नव्हता तिथे डोळे खालीच राहायचे आणि चेहरा मख्ख.

दुसऱ्यांदा दाखवताना मी अवघड जागी थांबवून मोठ्याने वाचलं. ते बरं झालं, पण सिनेमा राहिला नाही.

चित्रहारमध्ये गाण्याखाली शब्द यायचे ते माझ्या वर्गाला जास्त जमायचे, कारण ऐकू येतं तेच खाली लिहिलेलं असतं आणि गाणं संथ असतं. अनोळखी भाषेत कानाचा आधार नसतो.

अर्धचंद्र

बाई, तुम्ही जी तपासणी केलीत ती आम्ही सॉफ्टवेअरवाले कधीच करत नाही. मी फाइल दहा वेळा बघितलेली असते, मला प्रत्येक वाक्य पाठ असतं, मग मला सगळंच वेळेत वाचून होतं. उंबरझाड, लघुपट न पाहिलेल्या कोणाला तरी बसवा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या डोळ्यांकडे बघा. मुलांसाठी मी अक्षरांची मर्यादा सहावर आणतो, आणि तरीही बाईंच्या वर्गाला ती जास्त होईल असं आता वाटतंय.

त्रिशूरकर

जन्म पुण्याचा, नोकरीमुळे अकरा वर्षं केरळात. मल्याळम बोलतो. टेम्प्लेटवरून करताय म्हणून विचारतो: 'चेट्टा' चं काय केलंत?

उंबरझाड

'दादा'. टेम्प्लेटमध्ये नुसतं नाव आहे, पण ऐकू 'चेट्टा' येतं, आणि त्याचा अर्थ थोरला भाऊ असा सापडला. म्हणून नायिका नायकाला...

त्रिशूरकर

नायिका त्याची बायको आहे ना?

उंबरझाड

हो. अरे देवा.

कौलारू

आजवरच्या मराठी सबटायटल इतिहासातला सर्वांत मोठा कौटुंबिक घोटाळा टळला!

त्रिशूरकर

केरळात अनेक बायका नवऱ्यालाही 'चेट्टा' म्हणतात. शब्द तोच, नातं संदर्भाने कळतं. तुमच्याकडे तर सोन्यासारखा शब्द आहे: 'अहो'. दोन अक्षरं. हिंदीत 'सुनिए'.

दुसरं असं की मल्याळम क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. 'तो गेला', 'ती गेली', 'ते गेले', सगळ्यांना क्रियापद एकच. इंग्रजी टेम्प्लेटवरूनही तुम्हाला कळणार नाही. मराठीत मात्र 'आलास' की 'आलीस' हे ठरवावंच लागतं. चित्रात नसलेल्या माणसाबद्दल बोलणं चाललं असेल तिथे निर्मात्यांना विचारून घ्या.

उंबरझाड

यादी करून विचारते. आता माझा खरा अडलेला प्रसंग सांगते, मल्याळम येणारं कोणी भेटलं म्हणून. बहीण-भावाचं भांडण. वडिलांनी जमीन विकली, भावाला वाटतं काकांनी फसवलं. शेवटी बहीण कबूल करते. टेम्प्लेटमध्ये इंग्रजी वाक्याचे दोन क्यू आहेत, त्याच क्रमाने मी लिहिलं:

```
00:11:42,120 --> 00:11:43,880
मीच सही केली होती

00:11:43,960 --> 00:11:46,400
बाबांनी जमीन विकली तेव्हा त्या कागदांवर
```

पहिला सेकंदाला १०, दुसरा १६. सगळं मर्यादेत, एकही लाल नाही. पण प्रसंग पडतो. भाऊ ११:४५.६ ला झटकन मान वळवून तिच्याकडे बघतो, आणि तोपर्यंत प्रेक्षकाला कबुली पडद्यावर येऊन साडेतीन सेकंद झालेले असतात. तो 'कागदांवर' या शब्दावर मान वळवतोय असं दिसतं.

त्रिशूरकर

शेवटचे शब्द काय ऐकू येतात? 'ओप्पिट्टदु ञानाणु' असं काही?

उंबरझाड

हो! शेवटी 'ञानाणु' स्पष्ट ऐकू येतं, आणि तो तिथेच वळतो.

त्रिशूरकर

मग मूळ वाक्यात कबुली शेवटी आहे. 'ओप्पिट्टदु' म्हणजे सही केली ती, 'ञानाणु' म्हणजे मी आहे. 'सही केली ती मी.' मल्याळममध्ये क्रियापद शेवटी येतं, मराठीतही, हिंदीतही. इंग्रजीत कर्ता-क्रियापद आधी, म्हणून टेम्प्लेट करणाऱ्याने वाक्य उलटं केलं, त्याच्या भाषेत ते योग्यच. तुम्ही उलट्याचं भाषांतर केलंत आणि उलटंच राहिलं. मूळ क्रमाला जा, तुम्हाला उलट सोपं जाईल.

अर्धचंद्र

वा. बारा वर्षांत मी हे असं कधी मांडलं नव्हतं, पण दक्षिणेच्या फिल्म्सची टेम्प्लेटं करताना हात नेहमी अडखळायचा तो इथेच. दोन क्यूंवर पसरलेलं वाक्य आलं की इंग्रजी मजकूर क्यू-क्यूने वाचायचाच नाही. आख्खं वाक्य वाचायचं, मग आवाज ऐकायचा, नट कुठल्या शब्दावर जोर देतो आणि समोरचा कुठे हलतो ते बघायचं, आणि मराठी वाक्य त्या जागांवर कापायचं. मी असं करेन:

```
00:11:42,120 --> 00:11:43,880
बाबांनी जमीन विकली तेव्हा

00:11:43,960 --> 00:11:45,020
त्या कागदांवर

00:11:45,100 --> 00:11:46,400
सही केली ती मी.
```

पहिला सेकंदाला १४, दुसरा १२, तिसरा साडेअकरा. शेवटचा क्यू मान वळायच्या अर्धा सेकंद आधी येतो, तो वाचायला तेवढाच वेळ लागतो, आणि मग प्रेक्षक आणि भाऊ एकदमच ऐकल्यासारखे होतात. हिंदीत शेवटचा क्यू 'दस्तख़त किए थे मैंने।' असा. हिंदीत 'मैंने' नेहमी आधी टाकायचा मोह होतो, इथे मुद्दाम शेवटी.

टिकली

तीन क्यू मला पटत नाहीत. मधला जेमतेम एक सेकंद आहे. सव्वाचार सेकंदांत तीनदा मजकूर उडतो, डोळा त्या उड्यांकडेच जातो. दोनच करा: 'बाबांनी जमीन विकली तेव्हा' आणि 'कागदांवर सही केली ती मी.' दुसरा सेकंदाला १० आहे. शांत राहतं.

अर्धचंद्र

पण मग 'ती मी' ११:४४ ला पडद्यावर येतं आणि भाऊ दीड सेकंदाने वळतो. सेकंदाला १० म्हणजे लोक ते एका सेकंदात वाचून वाट बघत बसणार. संथ क्यू नेहमी चांगलाच असतो असं नाही. वेळ उरला की प्रेक्षक नटाच्या पुढे जातो, हाही वेगाचाच दोष आहे, फक्त सॉफ्टवेअर त्याला लाल करत नाही.

टिकली

मान्य, पण भडक उड्याही दोषच आहेत. एरवी मी एक सेकंदाच्या खाली आणि सात सेकंदांच्या वर जातच नाही. आणि असे तुकडे एका प्रसंगात एकदाच, सारखे नकोत.

कौलारू

मधला मार्ग: पहिल्याच क्यूत दोन ओळी. 'बाबांनी जमीन विकली तेव्हा / त्या कागदांवर' ११:४२.१२ पासून ११:४५.०२ पर्यंत, आणि मग 'सही केली ती मी.' दोनच क्यू झाले आणि कबुली जागच्या जागी.

टिकली

हे चालेल!

अर्धचंद्र

चालेल खरं, पण मध्ये ती श्वास घेते का बघा, ४३.८८ आणि ४३.९६ च्या मध्ये टेम्प्लेटने काहीतरी ऐकून तोडलंय. तिथे रडण्याचा थांबा असेल तर 'कागदांवर' आधीच दिसणं मला खटकेल.

गोगलगाय_७२

मी पुन्हा आलो. फ्रेम रेट जमला, पण आता नातवाने मराठी फाइल लावून दिली तर टीव्हीवर 'कि' च्या जागी वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. लॅपटॉपवर नीट आहे.

टिकली

काका, टीव्हीच्या प्लेअरला देवनागरी जोडता येत नाही, फाइलीचा दोष नाही. मजकूर चित्रातच छापून टाका:

```
ffmpeg -i film.mp4 -vf "subtitles=mr.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari'" -c:a copy out.mp4
```

फाइल यूटीएफ-८ मध्ये असू द्या, आणि तो फॉन्ट लॅपटॉपवर असायला हवा. नातवाला सांगा, तो करेल.

@उंबरझाड, प्रदर्शनात कुठला प्लेअर आहे ते तुम्हीही विचारून ठेवा. हॉलमध्ये ऐनवेळी हे झालं तर सगळी मेहनत पाण्यात.

उंबरझाड

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. गेल्या रविवारी सांगलीत आमच्या गटाच्या बैठकीत मराठी प्रत दाखवली, पंचवीसेक माणसं. मजकूर छापूनच नेला होता. मास्तरीणबाईंनी सांगितलं तसं मी बाजूला उभी राहून फक्त चेहरे बघितले.

दुधाच्या वाक्याला हसू आलं, आणि ते दूध दिसल्यावर आलं, आधी नाही. 'अहो' वर कोणी काही बोललं नाही, म्हणजे बसलं. खरं तर 'चेट्टा' १४ वेळा आहे आणि त्यातले नऊ मी लिहिलेच नाहीत. हाक ऐकू येते, चेहरा दिसतो, तिथे क्यू कशाला?

कबुलीच्या जागी बहीण खरंच थांबते, अर्धा सेकंद, म्हणून अर्धचंद्र यांचे तीन क्यू ठेवले. भावाने मान वळवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी 'अगं बाई' म्हणाल्या, बरोबर त्याच वेळी. मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र म्हणाला की तिथे अक्षरं लुकलुकली. टिकली, तो तुमच्या बाजूचा.

एक गोष्ट चुकली. वकील बोलतो त्या प्रसंगात सगळे क्यू १५ च्या आत होते, तरी डोळे खालीच अडकले. 'खरेदीखत', 'मुखत्यारपत्र', 'फेरफार', एकामागून एक. पाटीपेन्सिल म्हणत होते तेच. तिथे आता काय करू? नटाचं बोलणं सलग आहे, मागे जागा नाही.

पाटीपेन्सिल

तिन्ही कागदांची नावं कथेला लागतात का? वकील कागद एकेक करून टेबलावर ठेवत असेल तर एखादं नाव नुसतं 'हे' म्हणून जाऊ शकेल.

उंबरझाड

ठेवतो! एकेक करून ठेवतो. मुखत्यारपत्र पुढे लागतं, बाकीचे दोन नाही. आज रात्री बसते.

त्रिशूरकर

त्या प्रसंगाचा आवाज पाठवा, वकील नेमकं काय म्हणतोय ते ऐकून सांगतो. टेम्प्लेटवर विसंबू नका.